एक मुलगी वाचली, म्हणून उपचार सिद्ध झाला का?

आडवाट:
रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस हातचा गेला, असंच आपण ऐकत आलोय. २००४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वटवाघूळ चावलेली १५ वर्षांची मुलगी, लस न घेतलेली, आजारी पडली. डॉक्टरांनी तिला औषधं देऊन कोमात ठेवलं आणि ती वाचली. हाच तो 'मिलवॉकी प्रोटोकॉल'. आता बरेच तज्ज्ञ म्हणतात की हे वापरू नका, पुरावा नाही; केस सिरीजने, म्हणजे तुलनेच्या गटाशिवाय मोजक्या रुग्णांच्या नोंदींनी, परिणामकारकता सिद्ध होत नाही. जिथे जवळपास सगळेच मरतात तिथे एक जण वाचणं हा पुरावा नाही का?

रानवारा:
माझ्या मते आहे. सर्दीवर कुणी दहा रुग्णांचे अनुभव सांगितले तर मी हसेन, कारण सर्दी काहीही न करता जाते. रेबीजमध्ये आपसूक बरं होणं हा प्रकारच नाही. मग जे केलं त्यानेच ती वाचली, दुसरं कारण उरतंच कुठे? एका गटाला औषध, दुसऱ्याला काही नाही, अशी चाचणी इथे मागणं म्हणजे क्रूरपणा आहे.

मीनल के.:
रानवारा, सर्दीचा मुद्दा अगदी बरोबर. आजार स्वतःहून कसा जातो हे पक्कं माहीत असेल, तर थोड्या रुग्णांवरूनही बरंच कळतं. पण 'दुसरं कारण उरत नाही' हे तिच्या केस रिपोर्टमध्येच टिकत नाही. (मी आयसीयूत काम करते, तो रिपोर्ट २००५ मध्ये आला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच अधाशासारखा वाचला होता.)

ती चावल्यानंतर साधारण महिन्याने दाखल झाली. तेव्हाच तिच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. लाळेत आणि त्वचेच्या तुकड्यात मात्र विषाणू सापडला नाही. म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच तिच्या शरीराने लढाई सुरू केली होती. बहुतेक रुग्णांत अँटिबॉडी उशिरा येतात, किंवा येण्याआधीच रुग्ण जातो.

आता तिला काय काय मिळालं ते बघा. केटामाइन, मिडाझोलम ही बेशुद्धीची औषधं, रिबाव्हिरिन, अमँटाडिन ही विषाणूविरोधी औषधं आणि आठवडेच्या आठवडे उत्तम आयसीयू. शिवाय विषाणू वटवाघळाकडून आलेला, तो कुत्र्याच्या विषाणूपेक्षा सौम्य असू शकतो. यातल्या कशामुळे ती वाचली? एकाच रुग्णात या सगळ्या गोष्टी एकदम घडल्या, त्या वेगळ्या काढायला जागाच नाही. कदाचित औषधांमुळे, कदाचित त्यांच्याशिवायही.

आणि 'त्यांच्याशिवाय' ही नुसती कल्पना नाही. २००९ मध्ये टेक्सासमध्ये १७ वर्षांची एक मुलगी मेंदूला सूज येऊन दाखल झाली. वटवाघळांशी संपर्क आलेला, अँटिबॉडी सापडलेल्या. तिला कोमात ठेवावं लागलं नाही, आयसीयूचीही गरज पडली नाही. ती बचावली. तिथलं निदान 'बहुधा रेबीज' इतकंच होतं, हे मान्य. पण 'आपसूक कुणीच वाचत नाही' या गृहीतकाला तडा जायला तेवढं पुरे.

बापू_जोग:
मला तरुणपणी कुत्रं चावलं होतं. इंजेक्शनं घेतली, आज ठणठणीत आहे. मग लसीलाही पुरावा नाही म्हणायचं का? काहीही चाललंय.

मीनल के.:
बापू, लसीबद्दल वाद नाहीच. चावल्यावर जखम साबण-पाण्याने नीट धुवा आणि लगेच लस घ्या, यात कुणी किंतु काढू नये. चर्चा लक्षणं सुरू झाल्यानंतरच्या उपचाराची आहे. पण तुमच्या अनुभवाला पुरावा म्हणता येणार नाही, एवढं खरं. ते कुत्रं पिसाळलेलं होतं की नाही हेच आपल्याला माहीत नाही. नसेल तर इंजेक्शनं न घेताही तुम्ही ठणठणीतच असता.

शंकेखोर:
मीनलताई, मग या लसीचंच बोलू. इराणमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांनी आणि लांडग्यांनी चावलेल्या ४५ जणांना नवी लस आणि सीरम, म्हणजे तयार अँटिबॉडी, दिलं, सगळे वाचले. १९७६ मध्ये हे छापून आलं. तुलनेचा गट नव्हता, म्हणजे केस सिरीजच. जगाने ती मानली. मग 'केस सिरीजने परिणामकारकता सिद्ध होत नाही' हा नियम सोयीप्रमाणे लावायचा का?

मीनल के.:
धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. तिथे तीन गोष्टी होत्या, त्या मिलवॉकीत नाहीत. प्राणी पिसाळलेला असल्याची खात्री झालेली होती. चावलेल्यांत वाचलेले तेवढे निवडून मांडले नव्हते, अंशाबरोबर छेदही, म्हणजे किती जणांपैकी किती वाचले हे, समोर होतं. आणि जुना उपचार करूनही असे चावे किती जीव घेतात याची नोंद आधीपासून होती.

ती नोंद मुळात तुलनेतूनच आली. १९५४ मध्ये इराणमध्येच एका पिसाळलेल्या लांडग्याने २९ जणांना चावलं. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी ५ जणांना नुसती जुनी लस मिळाली, त्यातले ३ गेले. १३ जणांना लसीबरोबर सीरमही मिळालं, त्यातला १ गेला. आकडे लहान आहेत, पण लांडगा एक, रात्र एक, जखमा सारख्या. ४५ जणांची सिरीज या नोंदीच्या पाठीवर उभी आहे. एकटी असती तर मी तिला 'आशादायक' म्हणून थांबले असते.

मिलवॉकीचा छेद पाहा. पहिल्या यशानंतर जगभर डॉक्टरांनी हाच उपचार करून पाहिला. पुढच्या दशकभरात वीसहून अधिक अपयशं छापून आली, न छापलेली वेगळी. वाचल्याचं सांगितलं जातं त्यांतल्या काहींनी आजाराआधी लस घेतली होती. पण विचार करा, रुग्ण वाचला की डॉक्टर त्याच रात्री रिपोर्ट लिहायला बसतो, गेला तर फाइल बंद होते. नुसतं छापलेलं वाचणाऱ्याला उपचार आहे त्यापेक्षा चांगला वाटणारच.

आडवाट:
मग त्या पहिल्या रिपोर्टचा काहीच उपयोग नव्हता?

मीनल के.:
होता की! लस न घेतलेला माणूसही वाचू शकतो, हे त्याने दाखवलं. त्यामुळे लोक अँटिबॉडी लवकर येणाऱ्या रुग्णांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. पण त्या रिपोर्टमधली औषधांची यादी लोकांनी उपचार म्हणून उचलली. बेशुद्धीची औषधं काही निरुपद्रवी नाहीत, रक्तदाब पडतो, आठवडे व्हेंटिलेटरवर जातात.

रानवारा:
पटतंय, पण पूर्ण नाही. समोर रुग्ण आहे, दुसरा उपचार नाही, घरचे विनवताहेत. अशा वेळी 'पुरावा अपुरा' म्हणून हात बांधून बसायचं? वीस अपयशांतही कुणी तरी शेवटचा प्रयत्न केला होता ना.

मीनल के.:
वेदना आणि तडफड कमी करणारी औषधं द्यायचीच, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रोटोकॉल करायचाच असेल तर माझी एकच अट: रुग्णाची नोंद उपचार सुरू करण्याआधी करा, कुठल्या तरी सामायिक यादीत, आणि निकाल काहीही लागो, तो जाहीर करा. दाखल होताना अँटिबॉडी होत्या की नव्हत्या हेही लिहा.

शंकेखोर:
आणि अशी यादी असली तरी दुसऱ्या गटाशिवाय तुम्ही 'सिद्ध' म्हणाल का?

मीनल के.:
सलग नोंदलेल्या रुग्णांतले निम्मे वाचले तर म्हणेन. दहात एक वाचला तर आपण दोघं पुन्हा भांडू, कारण तो एक कोण होता यावरच सगळं अडेल.