मदत हवी आहे: दशमक गट पाडले, पण दोन परीक्षांमधली मुलांची हालचाल कशी वाचायची?

कृष्णाकाठ

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीला इंग्रजी शिकवते. तीन तुकड्या मिळून 180 मुलं आहेत. लेखी 80 आणि तोंडी 20 असे 100 गुण. प्रथम सत्राचे गुण एक्सेलमध्ये उतरत्या क्रमाने लावले आणि 18-18 मुलांचे दहा गट पाडले. सगळ्यात वरचा गट 1, खालचा 10. सराव परीक्षेनंतर पुन्हा तेच केलं.

मुख्याध्यापकांना पालकसभेसाठी 'दोन किंवा जास्त गट घसरलेले' विद्यार्थी हवे आहेत. यादी काढली, पण ती देताना माझा हात अडखळतोय. एका मुलाला सत्रात 61 होते, सरावात 62. एक गुण वाढला, तरी तो गट 5 वरून 7 वर गेला. त्याच्या आईला मी काय सांगू? उलट एक मुलगी 92 वरून 85 वर आली, ती दोन्ही वेळा गट 1 मध्येच, म्हणून यादीत नाहीच. पाचव्या गटातल्या 18 पैकी 9 मुलं दोन किंवा जास्त गट इकडेतिकडे गेली आहेत. इतकी उलथापालथ खरंच झाली असेल?

शिवाय दहाव्या गटातली 12 मुलं वर आली. त्यांचे जादा तास घेणारे सर खूश आहेत, आणि त्यांनी मेहनत घेतलीच आहे. पण हा आकडा मला जरा जास्त वाटतो.

निवृत्त_मुअ

बाई, दहा गट म्हणजे 91 ते 100 अ-1, 81 ते 90 अ-2, असंच ना? मग 61 आणि 62 एकाच श्रेणीत येतात. सूत्र कुठेतरी चुकलंय, पुन्हा तपासा.

कृष्णाकाठ

नाही सर, त्या श्रेणी ठरलेल्या गुणांवर असतात, सगळा वर्ग अ-1 मध्ये जाऊ शकतो. इथे गुण कितीही असोत, प्रत्येक गटात दहावा हिस्साच मुलं बसतात.

सीईटीवाला

पेपर सोपा होता, एवढंच. सगळ्यांचे गुण वाढले, त्याचा फक्त एक वाढला, म्हणून मागे पडला. सीईटीला पर्सेंटाइल देतात ते याचसाठी. गुण बघूच नका, गट बघा. गट घसरला म्हणजे मूल घसरलं.

आकडेमोड

पहिलं बरोबर, शेवटचं वाक्य नाही. बाई, आधी तीन गोष्टी सांगा. सराव परीक्षेला गैरहजर किती होते आणि त्यांच्यापुढे काय लिहिलंय? सारखे गुण असलेली मुलं कशी विभागलीत? आणि दोन्ही परीक्षांची सरासरी व प्रमाण विचलन किती?

कृष्णाकाठ

गैरहजर 9, त्यांच्यापुढे 0 आहे. सारखे गुण असतील तर हजेरी क्रमांकाने लागलेत. अरे देवा, म्हणजे 63 वाल्या सात जणांमधून रेघ गेली असेल तर क्रमांक 12 चा वरच्या गटात आणि 140 चा खालच्या?

आकडेमोड

तेच झालंय. आणि शून्यांनी त्याहून मोठा घोळ केलाय. दहाव्या गटात जागा 18, त्यातल्या 9 गैरहजर मुलांनी अडवल्या. मग उरलेली मुलं न शिकताही वर ढकलली जाणारच. दोन्ही परीक्षा दिलेली 171 मुलंच ठेवा आणि दोन्हींचे गट त्यांच्यातच नव्याने पाडा:

```
=ROUNDUP(10*RANK.AVG(C2,C$2:C$172,0)/COUNT(C$2:C$172),0)
```

सारख्या गुणांना सारखा गट मिळेल. मग एखाद्या गटात 15 आणि शेजारच्यात 19 आले तरी चालेल, बळजबरीने समान करू नका.

कृष्णाकाठ

केलं. वर आलेली मुलं 12 ची 7 झाली. सत्राची सरासरी 60, सरावाची 67, विचलन दोन्हीकडे 12. 61 वाला मुलगा मात्र 5 वरून 7 वरच.

आकडेमोड

आता प्रत्येक गट किती गुणांत मावतो ते बघा. मधे गर्दी असते, म्हणून पाचवा-सहावा गट जेमतेम तीन-तीन गुणांचा असेल. पहिला गट सत्रात साधारण 75 पासून थेट वरपर्यंत. शाळेच्या पेपरात एखादा उतारा ओळखीचा निघाला, एखादं पत्र नीट सुचलं नाही, यात चार-पाच गुण सहज हलतात. दोन पेपरांच्या फरकात ते सहा-सात होतात. मधल्या मुलासाठी सहा-सात गुण म्हणजे दोन गट. तुमची 9 मुलं त्यामुळेच हललेली दिसतात.

म्हणून सरासरीपासूनचं अंतर बघा. तो मुलगा सत्रात सरासरीच्या 1 वर होता, आता 5 खाली. फरक 6, म्हणजे नेहमीच्या हेलकाव्यातला. ती मुलगी 32 वर होती, आता 18 वर. फरक 14. बोलायचं असेल तर आधी तिच्याशी बोला.

दोन_मुलांचा_बाबा

वाचून राहवलं नाही. मागच्या वर्षी आमच्या मुलाला अशाच यादीवरून सभेत उभं केलं होतं. तीन गट खाली, म्हणून. घरी येऊन त्याने गुणपत्रिका काढली तर गुण आधीपेक्षा जास्तच होते. त्यानंतर तो महिनाभर अभ्यासाला बसेना. बाई, ती यादी सभेत वाचू नका, एवढीच विनंती.

कृष्णाकाठ

नाही वाचणार, दादा. शब्द देते.

सीईटीवाला

पण 92 वालीचं घसरणं नैसर्गिक नाही का? वरच्याला खाली यायलाच जागा असते.

आकडेमोड

हा मुद्दा चांगला काढलात, आणि तो मोजता येतो. दोन्ही परीक्षांच्या गुणांचा सहसंबंध `=CORREL` ने काढा.

कृष्णाकाठ

0.8 आला.

आकडेमोड

मग 32 चं अंतर आपोआप 26 च्या आसपास येणं अपेक्षित. 18 वर येणं त्यापुढचं आहे. आणि हेच खालच्या टोकालाही लावा, कारण दहाव्या गटाला फक्त वरच जागा आहे. त्या गटाची सत्राची सरासरी किती?

कृष्णाकाठ

39. म्हणजे 21 खाली. त्याचे 0.8 म्हणजे 17. सरावाची सरासरी 67, तर जादा तास नसते तरी 50 च्या आसपास आले असते?

आकडेमोड

बरोबर. सत्रात त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता, ती मुलं पुन्हा वर येतातच. प्रत्यक्षात किती आले?

कृष्णाकाठ

52.

निवृत्त_मुअ

दोन गुण तर दोन गुण! दहाव्या गटातल्या मुलाचे दोन गुण म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यालाच कळतं. त्या सरांचं मन मोडू नका.

आकडेमोड

मन मोडायचं नाहीच, सर. पण जेमतेम 17 मुलांच्या सरासरीत दोन गुणांचा फरक तासांमुळे की योगायोगाने, हे या दोन परीक्षांवरून सांगता येणार नाही. मागच्या वर्षी जादा तास नव्हते ना? त्या वर्षीच्या याच दोन परीक्षांमध्ये खालचा दहावा हिस्सा किती वर आला होता, ते काढा. ती तुलना काही सांगू शकेल.

कृष्णाकाठ

मागच्या वर्षीचे गुण रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेले आहेत, शनिवारी बसून भरते. मुख्याध्यापकांना गटांच्या यादीऐवजी सरासरीपासून 13 पेक्षा जास्त गुणांनी मागे पडलेल्यांची यादी देणार आहे, म्हणजे त्या सहा-सातच्या दुप्पट. अशी पाच मुलं निघाली, त्यातली दोन पहिल्या गटातली. ते म्हणतात, पालकांना गट लवकर समजतो, अंतर कोणाला कळणार. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. कोणी पालकांसमोर हे सोप्या शब्दांत मांडलं असेल तर सांगा.