एफईला सहा बॅक: एसईला प्रवेश मिळेल की वायडी?

शेवंता_पुणे: धाकटा भाऊ पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगला, २०१९ पॅटर्न, २०२३-२४ चं एफई. सहा विषय राहिलेत: एम-वन, फिजिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, एम-टू, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स. सगळ्या थिअरीच. क्रेडिट वजा केले तर ४४ पैकी १८ च उरतात आणि पुढे जायला २२ लागतात म्हणे. घरी कसं सांगू, आणि आता नेमकं काय करू?

निम्माशिम्मा: निम्मे विषय सुटले की पुढे पाठवतात. बारापैकी सहा सुटलेत, काठावर आहे. सांगू नका घरी.

लेजरवाले_काका: विषय मोजायचे नाहीत, क्रेडिट मोजायचे. शेवंता, तुझी चूक कुठे झाली सांगतो. तू विषयाचे पूर्ण क्रेडिट वजा केलेस. थिअरीचे क्रेडिट वेगळे, प्रॅक्टिकल आणि टर्मवर्कचे वेगळे. फिजिक्स पाचाचं, पण थिअरी चारचीच. लॅबचा एक त्याच्या खात्यात जमा आहे. तसं एम-वन ३, फिजिक्स ४, इलेक्ट्रिकल ३, एम-टू ४, मेकॅनिक्स ३, इलेक्ट्रॉनिक्स ३. गेले २०, हाती २४. प्रॅक्टिकल-टर्मवर्क सगळी सुटलेली असतील तर एसईला जाईल. मार्कलिस्ट समोर ठेवून प्रत्येक ओळ बघ, एखादी लॅब राहिली असली तर गणित बदलेल.

शेवंता_पुणे: बघितली, लॅब सगळ्या सुटल्यात. काका, जिवात जीव आला!

लेजरवाले_काका: अजून एक थिअरी गेली असती, समजा प्रोग्रॅमिंगची तीन क्रेडिटची, तर २१ वर वायडीच होती.

केटीकर: मुंबईत आमच्या वेळी केटी मोजायचे. माझ्या दोन होत्या, कोणी विचारलंही नाही.

लेजरवाले_काका: मुंबईचा नियम इथे लावू नका. शेवंता, खरी अडचण पुढच्या वर्षी आहे. टीईला जायला एफई पूर्ण सुटलेलं हवं, शिवाय एसईचे निम्मे क्रेडिट. म्हणजे एसईच्या पेपरांबरोबर हे सहाही त्याच वर्षात काढायचे. एसई अख्खं सुटलं आणि एम-टू तेवढा राहिला, तरी टीई नाही. दोन्ही सत्रांच्या परीक्षांना फॉर्म भर. मी असतो तर हिवाळ्यालाच एम-वन आणि मेकॅनिक्स काढून टाकले असते, कारण एसईचे काही विषय त्यांच्यावरच उभे असतात.

डिप्लोमावाली: मी डिप्लोमा करून थेट एसईला आलेय. मला एफईची अट नाही ना?

लेजरवाले_काका: ज्याला एफईच नव्हतं त्याचं एफई कुठून राहणार? एसईचे निम्मे क्रेडिट मात्र तुलाही हवेत.

शेवंता_पुणे: फिजिक्सला तीन मार्क कमी पडलेत. फोटोकॉपी काढून रीव्हॅल्युएशनला टाकावा का? निकाल येईपर्यंत बॅकचा फॉर्म भरायचा की थांबायचं?

लेजरवाले_काका: आधी फोटोकॉपी मागव, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघ. फॉर्म मात्र भरून ठेव.

निम्माशिम्मा: भरू नका, फी बुडते.

शेवंता_पुणे: आता कुणाचं ऐकू?