जपानी एटीएमच्या पडद्यावरचे पर्याय ओळखताना

“मुलाकडे जपानला आले आहे. एटीएमवर पैसे भरणे, काढणे आणि पासबुक छापणे यांची बटणे कशी ओळखावीत?”

ताई, आधी お引き出し हे बटण शोधा, कारण पैसे काढण्याच्या या बटणातले 引 हे अक्षर ओळखायला सर्वांत सोपे आहे: डावीकडे वळणावळणाचे धनुष्य आणि उजवीकडे एकच उभी रेघ. पैसे भरण्यासाठी お預け入れ असते आणि त्यातले 預 बरेच गिचमिड दिसते. खरी फसगत 入 या अक्षरामुळे होते. त्याचा अर्थ ‘आत’ असा असल्याने ते दिसले की पैसे भरायचे, असे आपण धरून चालतो. पण पासबुक छापण्याच्या 通帳記入 या बटणातही तेच अक्षर शेवटी असते, आणि お振込 मधल्या 込 च्या आतही 入 दिसते, पण हे तर दुसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवण्याचे बटण आहे. म्हणून एका अक्षरावर न जाता पूर्ण शब्द जुळवून पाहावा.

बटण दाबल्यानंतर यंत्र काय मागते, यावरूनही चूक कळते. पासबुक छापताना ते फक्त पासबुक मागते, पैसे भरताना सहसा गुप्त क्रमांक न विचारता नोटांचा कप्पा उघडते, आणि पैसे काढताना मात्र 暗証番号, म्हणजे चार अंकी गुप्त क्रमांक, विचारते. पैसे भरायचे असताना हा क्रमांक विचारला गेला, तर तिथेच थांबून 取消 दाबावे. व्यवहार रद्द होऊन कार्ड परत मिळते.

तीस हजार येन काढायचे असल्यास 3, मग 万 (दहा हजार), मग 円 दाबावे, आणि 確認 हे खात्रीचे बटण दाबण्यापूर्वी पडद्यावर 30,000 दिसते आहे ना, हे पाहावे. 万 ऐवजी शेजारचे 千 दाबले गेले, तर तिथे 3,000 दिसेल.