खर्र्याच्या रोल-प्लेमध्ये काय मोजायचं?

"तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडवण्याच्या समुपदेशनाच्या सरावात विद्यार्थी पेशंटला नुसते प्रश्नच विचारत सुटतात, निरीक्षकाच्या चेकलिस्टमध्ये हे कसं पकडायचं?"

निरीक्षकाला दोनच गोष्टी मोजू द्या: प्रश्न, आणि पेशंटचं म्हणणं परत मांडणारी वाक्यं. एका प्रश्नामागे असं निदान एक वाक्य हवं, दोन असली तर उत्तम. पण कोणता भाग उचलला, हे जास्त महत्त्वाचं. समजा, पेशंट झालेला नागपूरच्या सीताबर्डीचा दुकानदार म्हणतो, "खर्र्याशिवाय डोकं चालत नाही जी, पण आता तोंड पूर्ण उघडत नाही." यावर "मग सोडत का नाही?" विचारलं, की तो खर्र्याचीच बाजू मांडू लागतो. त्याऐवजी "तोंड उघडत नाही, याची धास्ती वाटतेय," एवढंच म्हणून थांबावं. अशा वाक्याच्या शेवटी प्रश्नासारखा सूर चढला, तर तेही प्रश्नच धरा. पेशंटचं पुढचं वाक्य सोडण्याच्या बाजूचं आलं, तर खूण करा. (तोंड कमी उघडणं हे आजाराचं लक्षण आहे; शासकीय दंत महाविद्यालयात तपासणीला पाठवणं स्क्रिप्टमध्ये ठेवाच.)