उत्तर: बुरशीचे दाणे आणि यकृत

> मार्केट यार्डातून आणलेल्या शेंगदाण्यांत बुरशीचे निघाले. नीट भाजले तर चालतील ना? आणि विष पोटात जातं, मग कॅन्सर यकृतालाच का?

नाही चालणार. भाजल्यावर बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष बरंचसं टिकून राहतं. ते पुरतं मोडेल इतक्या आचेवर दाण्यांचा कोळसाच होईल. हिरवट, काळपट, सुरकुतलेले दाणे कूट करण्याआधीच काढून टाका; एकदा कुटात गेले की ओळखू येत नाहीत.

यकृताचं म्हणाल तर घोळ तिथेच होतो. अफ्लाटॉक्सिन बी१ आहे तसं डीएनएला चिकटत नाही. ते शरीराबाहेर टाकता यावं म्हणून यकृतातली पी४५० एन्झाइम्स त्याला ऑक्सिजन जोडतात आणि त्यातून इपॉक्साइड नावाचं जास्त चिकट रूप तयार होतं. हे मात्र डीएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे बेसपैकी, ग्वानीनला (जी) पकडतं. दुरुस्तीआधीच पेशी विभागली, तर जीच्या जागी टी, म्हणजे थायमिन, बसतो. टीपी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या रक्षक जनुकाच्या २४९ व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या गटात, एजीजीचं एजीटी झालेलं यकृताच्या गाठीत सापडलं, की संशय अफ्लाटॉक्सिनवर जातो. हिपॅटायटिस बी असेल तर मेलेल्या पेशींची भरपाई करायला उरलेल्या भराभर विभागतात, दुरुस्तीला वेळच मिळत नाही. म्हणून ही जोडगोळी वाईट.

इतर कॅन्सरकारकांचा अवयव वेगळा का, तेही असंच कळतं. सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरिनही असंच आधी 'तयार' व्हावं लागतं, पण फुप्फुसात, आणि त्याच्या खुणा त्याच जनुकात वेगळ्या जागी उमटतात. अतिनील किरण कातडीपलीकडे पोचतच नाहीत. कातडीत ते डीएनएतले शेजारचे दोन बेस एकमेकांना जोडून टाकतात. क्ष-किरणांना एन्झाइमची गरज नाही: वाटेत येईल त्या अवयवात ते डीएनएचे दोन्ही धागे तोडू शकतात.