डिसेंबरच्या कार्यक्रमाला 'रद्द'चा विमा: घ्यावा की नाही?

अंगणवाला: २७ डिसेंबरला पुण्यात मोकळ्या मैदानावर मराठी गाण्यांचा तिकिटाचा कार्यक्रम ठरवलाय. ९०० खुर्च्या, एकूण खर्च ४ लाख २० हजार. रद्द झाला तर भरपाई देणारा विमा एजंटने सुचवलाय. प्रीमियम १६ हजार, वर १८ टक्के जीएसटी, आणि क्लेममधला १० टक्के भाग आपण सोसायचा. घ्यावा का?

पुढचीरांग: डोळे मिटून घ्या. विम्बल्डनने २०२० ची स्पर्धा रद्द केली, विमा होता म्हणून तरले. पाऊस, साथ, दंगल, सगळं निघतं त्यात.

हिशेबनीस: विम्बल्डनने साथीचं कलम कित्येक वर्षं जादा पैसे मोजून पॉलिसीत ठेवलं होतं, म्हणून निघालं. कोविडनंतर बहुतेक पॉलिसींत साथीचे रोग सरळ वगळलेले असतात. मोकळ्या मैदानावरचा पाऊसही पॉलिसीत आपोआप धरलेला नसतो, त्याचा वेगळा रायडर, म्हणजे जादा जोडलेलं कलम. आणि तो घेतला तरी मैदानात पाणी साचून कार्यक्रम करणंच अशक्य झालं, तरच पैसे. ढग बघून लोक घरी बसले, तर शून्य.

अंगणवाला, ४ लाख २० हजार हा आकडा बाजूला ठेवा. दोन दिवस आधी रद्द झालं तर कुठले पैसे परत मिळणार नाहीत, तेवढेच मोजा.

अंगणवाला: मोजले. बिदागी १ लाख ८० हजार, त्यातला निम्मा बयाणा गेला: ९० हजार. मैदानाचं भाडं ६०, उभा राहिलेला मांडव आणि खुर्च्या ५०, जाहिरात ४०. साउंड-लाइटवाला ९० पैकी निम्मे ठेवून घेतो, ४५. म्हणजे २ लाख ८५ हजार.

हिशेबनीस: १० टक्के वजा केले की हातात २ लाख ५६ हजार ५००. त्यासाठी १८,८८० भरायचे. साधारण चौदा कार्यक्रमांत एक तरी *पॉलिसीत बसणाऱ्या* कारणाने रद्द होईल असं वाटत असेल, तर हा सौदा बरोबरीत सुटतो. पुण्यात डिसेंबरअखेर पाऊस तुमचा कार्यक्रम इतक्या वेळा बुडवणार नाही. माझं मत, घेऊ नका. त्यापेक्षा कलाकार आणि साउंडवाल्याकडून 'तारीख बदलली तर बयाणा पुढच्या तारखेला धरू' एवढं लिहून घ्या. तिथेच १ लाख ३५ हजारांचा धोका जातो, फुकटात.

मांडवकरीण: गणेशोत्सवातली मोठी मंडळं कोट्यवधींचा विमा काढतात की! मुंबईच्या जीएसबी मंडळाचा २०२५ मध्ये ४७४ कोटींचा होता. ते काय वेडे आहेत?

हिशेबनीस: ताई, त्यात मोठा वाटा स्वयंसेवकांच्या अपघात विम्याचा, मग दागिने. उत्सव रद्द होण्याशी त्याचा संबंध नाही. उलट अंगणवाला, प्रेक्षकाला इजा झाली तर त्याची जबाबदारी उचलणारा भाग मात्र जरूर घ्या. तो वेगळा मागता येतो.

पडद्यामागे: मी हिशेबनिसांच्या विरुद्ध. चौदात एकचं गणित कंपनीला शोभतं, तिच्याकडे हजार कार्यक्रम असतात. आपला एकच असतो. रत्नागिरीला आमच्या प्रयोगाचा मुख्य नट दुपारी तापाने आडवा झाला. विमा होता, पण पॉलिसीत त्याचं नाव घातलेलं नव्हतं. एक रुपया मिळाला नाही, बायकोच्या बांगड्यांवर निभावलं. तरी पुढच्या वेळी मी विमा घेतलाच, नाव घालून.

हिशेबनीस: नाव घालूनही वय आणि जुनं दुखणं विचारतात, ते लपवलं तर क्लेम फेटाळतात. तिकिटं न खपणं, प्रायोजक पळणं, पोलिसांची परवानगी वेळेत न काढणं, कलाकाराशी पैशांवरून बिनसणं, हे तर कुठेच धरत नाहीत.

पुढचीरांग: आणि दुखवटा? २६ डिसेंबर २०२४ ला मनमोहनसिंग गेले, १ जानेवारीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा. अंगणवाल्यांची तारीख नेमकी त्याच आठवड्यातली!

हिशेबनीस: हा मुद्दा खरा. पण दुखवट्यात थांबतात ते सरकारी करमणुकीचे कार्यक्रम. खासगी तिकिटाच्या कार्यक्रमावर आपोआप बंदी येत नाही. 'बरं दिसत नाही' म्हणून तुम्ही स्वतः रद्द केलंत, तर कंपनी म्हणणार, तुमचा निर्णय. मैदानवाल्याचं किंवा पोलिसांचं लेखी पत्र हातात हवं, आणि रद्द जाहीर करण्याआधी कंपनीला कळवायला हवं. आधी व्हॉट्सॲपवर जाहीर करून मग फोन करणारेच जास्त अडकतात.

पडद्यामागे: त्या आठवड्यात पत्र कोण देतो हो? मैदानवाला तोंडी सांगतो, 'या वेळी राहू द्या साहेब'. नको म्हणणारा कलाकार असेल तर?

अंगणवाला: एजंटला विचारलं. दुखवटा 'मागितलात तर घालू' म्हणाला, प्रीमियम किती वाढेल ते सोमवारी सांगतो. साउंडवाला तारीख बदलायला तयार आहे, गायिकेचा अजून फोन नाही.