डीसीएल दोघांचा ४च, मग डीओएल आणि डीएफएल वेगळे काढायचे कशाला?

कर्वेरोड_बीकॉम
सरावाच्या गणितात दोन कंपन्या आहेत. दोघींची विक्री ५० लाख, चल खर्च वजा जाता काँट्रिब्युशन २० लाख. ‘अ’चा स्थिर खर्च १२ लाख आणि व्याज ३ लाख. ‘ब’चा स्थिर खर्च साडेसात लाख आणि व्याजही साडेसात लाख. ‘अ’चा डीओएल, म्हणजे काँट्रिब्युशन भागिले कामकाजाचा नफा, २.५; डीएफएल, म्हणजे कामकाजाचा नफा भागिले व्याज देऊन उरलेला नफा, १.६. ‘ब’चा बरोबर उलटा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे डीसीएल, तो दोन्हीकडे ४. माझं मत असं की जोखीम सारखीच आहे, मधले दोन आकडे नुसते मार्कांसाठी. पटतंय का?

लकडीपूल
अजिबात नाही. डीओएल म्हणजे स्थिर खर्चाचं ओझं. ‘अ’च्या डोक्यावर १२ लाख आहेत, ‘ब’च्या साडेसात. मंदी आली की ‘अ’ आधी झोपणार. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

खतावणी
लकडीपूल, घाला की वाद. ‘अ’चा नग ५०० रुपयांना विकला जातो आणि त्यातून २०० सुटतात असं धरा, म्हणजे आज १०,००० नग. आता स्थिर खर्च १२ लाखांवरच ठेवा आणि फक्त नग बदला. ६,५०० नगांवर काँट्रिब्युशन १३ लाख, कामकाजाचा नफा १ लाख, डीओएल १३. २०,००० नगांवर काँट्रिब्युशन ४० लाख, नफा २८ लाख, डीओएल १.४३. कारखाना तोच, भाडं तेच, पगार तेच. मग ओझं १३ वरून दीडच्या खाली कसं आलं?

डीओएल सांगतो तो ना-नफा-ना-तोटा बिंदू आज किती लांब आहे ते. ‘अ’चा बिंदू ६,००० नगांवर आहे. आज १०,००० विकले जातात, म्हणजे विक्री ४० टक्के घसरेपर्यंत कामकाजात तोटा नाही. १ भागिले ०.४ करा, २.५च येतात. म्हणून डीओएल लिहिताना ‘किती विक्रीला’ हे सोबत लिहायचं. नुसता २.५ म्हणजे गावाचं नाव न घालता लिहिलेला पत्ता.

आणि कर्वेरोड, एका बाबतीत तुझं बरोबर आहे. १ भागिले ४ म्हणजे २५ टक्के. विक्री २५ टक्के घसरली की काँट्रिब्युशन १५ लाखांवर येतं. ‘अ’मध्ये त्यातून १२ आणि ३ गेले, ‘ब’मध्ये साडेसात आणि साडेसात. भागधारकाच्या हाती दोन्हीकडे भोपळा, आणि तोही एकाच विक्रीला. लकडीपूलचं ‘आधी झोपणार’ इथे टिकत नाही.

कर्वेरोड_बीकॉम
म्हणजे मी जिंकलो!

खतावणी
भागधारकापुरता. आता त्या भोपळ्याच्या पलीकडे जा. विक्री ३० टक्के घसरली, काँट्रिब्युशन १४ लाख. दोघींचा तोटा १ लाख. पण ‘अ’च्या १२ लाखांत घसारा ४ लाख असेल, तर तेवढे पैसे कुणाला द्यायचेच नसतात. तोटा दाखवूनही तिच्या हातात ३ लाख रोख उरते. ‘ब’च्या साडेसात लाखांत घसारा समजा १ लाख आहे. तोटा १ लाख, रोख शून्य, आणि हप्त्याची मुद्दल अजून द्यायचीच आहे. व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक खातं एनपीए करते, पुढची उचल अडते. हा फरक डीसीएलमध्ये दिसत नाही. डीओएल-डीएफएलची फोड पाहिली की निदान कुठे बघायचं ते कळतं.

लकडीपूल
ठीक, ओझ्याचं मागे घेतो. पण मग घसारा वेगळा काढा असं म्हणा ना. डीओएलच्या सूत्रात घसारा स्थिर खर्चातच बसलेला आहे, तो रोखीबद्दल काहीच बोलत नाही. फोड पाहून जे कळलं ते तुम्ही बाहेरून आणलंत.

खतावणी
हा मुद्दा मान्य. तरी कर्ज फेडायचं की यंत्र विकून काम बाहेर द्यायचं, हा निर्णय डीसीएल ४ पाहून होत नाही. पहिल्याने डीएफएल उतरतो, दुसऱ्याने डीओएल.

कर्वेरोड_बीकॉम
शेडचं भाडं थकलं तर मालकही टाळं लावतोच की. पूर्ण पटलेलं नाही. असो. ‘अ’च्याच पुढच्या उपप्रश्नात ७५,००० प्रेफरन्स लाभांश आहे, कर २५ टक्के. डीएफएल ८ भागिले ४.२५, म्हणजे १.८८ काढला. विक्री १० टक्के वाढवून पडताळलं तर ईपीएस, म्हणजे दर शेअरमागचा नफा, ५० टक्के वाढतो. सूत्राने ४७ येतात. कुठे चुकलं?

टिळकरोड_इंटर
व्याज कराच्या आधी जातं, लाभांश कर भरून उरलेल्यातून. म्हणून ५ लाखांतून ७५,००० सरळ वजा करता येत नाहीत. ते द्यायला कराआधी १ लाख कमवावे लागतात, म्हणजे ०.७५ भागिले ०.७५. खाली ४ लाख राहतात, डीएफएल २, डीसीएल ५. आता जुळेल: आधी ३.७५ वजा ०.७५ म्हणजे ३ लाख, वाढीनंतर ५.२५ वजा ०.७५ म्हणजे साडेचार. बरोबर ५० टक्के.

आणखी एक खड्डा. प्रश्नात ‘स्थिर खर्च १५ लाख, व्याजासह’ असं असेल तर आधी व्याज बाजूला काढ. नाहीतर डीओएल ४ येतो, आणि पुढे व्याज परत वजा केलंस की सगळंच बिघडतं.

भोसरी_जॉबवर्क
दादा, तुमचं गणित आमच्या शेडमध्ये चालत नाही. लिव्हरेज म्हणजे कर्ज एवढंच आम्हाला ठाऊक. आमचं कर्ज सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं, लागेल तशी उचल. ऑर्डर वाढली की माल जास्त घ्यावा लागतो, उधारी वाढते, सीसीची उचल वाढते, व्याज वाढतं. विक्री १० टक्के वाढली म्हणून नफा ४० टक्के वाढलेला आम्ही कधी पाहिला नाही. सूत्र चुकीचं आहे.

खतावणी
भोसरीकर, सूत्र चुकीचं नाही, पण व्याज हलणार नाही असं त्यात गृहीत धरलंय. ‘अ’चं ३ लाख व्याज सगळं सीसीचं आणि विक्रीबरोबर चढतं असं धरू. विक्री १० टक्के वाढली: काँट्रिब्युशन २२, स्थिर खर्च १२, व्याज ३.३, उरले ६.७ लाख. ५ वरून ६.७ म्हणजे ३४ टक्के वाढ, ४० नाही. थेट काढायचं तर व्याज आधीच चल खर्चात टाका: २० मधून ३ गेले १७, भागिले ५, म्हणजे ३.४. घसरणीतही तुम्ही थोडे वाचता, कारण उचल उतरते. अर्थात गिऱ्हाइकाने पैसे वेळेवर दिले तरच. मंदीत उधारी अडकली की विक्री खाली आणि व्याज तिथेच.

लकडीपूल
वा! व्याज चल खर्चात गेलं की डीएफएल १ होणार. बँकेचं कर्ज डोक्यावर आणि गणित म्हणतंय वित्तीय लिव्हरेज नाहीच?

खतावणी
मुदत कर्जाचं व्याज खाली डीएफएलमध्ये, सीसीचं वर चल खर्चात, अशी विभागणी मी करतो. पण डीएफएल १ या आक्षेपाला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

भोसरी_जॉबवर्क
आणि आमची सीसी वर्षभर कधी लिमिटच्या खाली येतच नाही. ती मग कुठल्या रकान्यात टाकू?

टिळकरोड_इंटर
कायम भरलेली असेल तर खाली. व्याज तसंही हलत नाहीये.